दूध पाजलं की फवाऱ्यासारखी उलटी, बाळ 36 दिवसांचं. कुणाला अनुभव आहे का?

माहेरवाशीण_पारोळा (सोमवार, रात्री 9:40)
नमस्कार मंडळी. मी पारोळ्याला माहेरी आहे, पहिलंच बाळंतपण. मुलगा आहे, आज 36 दिवसांचा झाला. पहिले तीन आठवडे सगळं छान होतं. मग एखाद-दुसऱ्या वेळी दूध ओकायला लागला. सगळ्या म्हणाल्या, ओकणारं बाळ धट्टंकट्टं होतं. पण गेल्या आठवड्यापासून जवळजवळ प्रत्येक पाजण्यानंतर ओकतो, आणि ते ओघळणं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी एकदम जोरात उडतं. काल मांडीवर होता, तर उलटी माझ्या पायांच्या पलीकडे, घडवंचीच्या पायाशी जाऊन पडली. आई तर बघतच राहिली.

ओकून झालं की लगेच परत तोंड उघडून दूध शोधतो. जवळच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. त्यांनी गॅसचे थेंब दिले आणि जास्त पाजू नका म्हणाले. ताप नाही, जुलाब नाही. कुणाच्या बाळाला असं झालं होतं का?

शिरपूरनी_माय (9:58)
माय, घाबरू नको. मना नातूले बी असंच व्हयेल व्हतं. सूनबाई घाईघाईत पाजायची, बाळ वारा गिळायचं. खांद्यावर घेऊन नीट ढेकर काढ, पाजल्यावर अर्धा तास आडवं टाकू नको. आणि नजर लागनी व्हई, मीठमोहऱ्या ओवाळून टाक, त्यात काही जात नाही. वेखंडाचं एक बोट चाटवलं तरी चालतं.

रात्रपाळी_आई (10:15)
माझ्या मुलीला चार महिन्यांपर्यंत हे होतं. डॉक्टर म्हणाले रिफ्लक्स आहे, अन्ननळीच्या तोंडाची झडप अजून कच्ची आहे म्हणून दूध वर येतं. डोक्याची बाजू उंच ठेवून कडेवर धरायचं आणि थोडं थोडं पाजायचं. आपोआप गेलं. तुझ्या बाळाचंही तेच असणार, इंटरनेट वाचून झोप घालवू नकोस.

भुसावळचा_बाबा (10:32)
ताई, मी वेगळं सांगतो, कारण आमच्यावर बेतलं होतं. मुलगी आठ महिन्यांची होती. दुपारी खेळता खेळता एकदम किंचाळली, पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढरा फटक. दोन-तीन मिनिटांत शांत. आम्हाला वाटलं मुंगी चावली. वीस मिनिटांनी परत तसंच. मग परत. मधल्या वेळात चक्क हसायची, म्हणून आम्हीही निवांत. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या, आधी दुधाच्या, मग हिरवट. रात्री शी केली ती लाल, चिकट, जेलीसारखी. शेजारचे म्हणाले आव पडली. दवाखान्यातही आवेचंच औषध मिळालं.

सकाळी पोरगी मान टाकून पडली. तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि कळलं की आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलाय, दुर्बिणीची नळी नळीत सरकते तसा. तुमच्या बाळाचंही आतड्यात आतडं गेलं असेल. रात्रीच निघा.

माहेरवाशीण_पारोळा (10:41)
दादा, वाचून हातपाय गळाले. पण माझा असा किंचाळत नाही. रडतो तो भुकेनेच.

बालशल्य_निवृत्त (10:55)
मी लहान मुलांचा सर्जन होतो. धुळे, जळगाव आणि नाशिक मिळून तीस वर्षं काम केलं. इथून निदान करता येत नाही आणि करणारही नाही, पण चार गोष्टी विचारतो. त्यांची उत्तरं आत्ताच द्या.

उलटीचा रंग काय? पांढरी-पिवळसर की हिरवी? चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात, आधी किती व्हायचे? शी किती दिवसांनी होते? आणि वजन. जन्माचं, मधलं आणि आत्ताचं. वजन एकाच काट्यावर केलेलं असेल तर उत्तम.

उलटी हिरवी असेल तर बाकीच्या उत्तरांची वाट बघू नका, गाडी काढा. इतक्या लहान बाळाची हिरवी उलटी म्हणजे पित्त, म्हणजे अडथळा जठराच्या बराच खाली. त्यात आतड्याला पीळ बसलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

माहेरवाशीण_पारोळा (11:12)
डॉक्टरसाहेब, हिरवी कधीच नाही. फाटलेल्या दुधासारखी, आंबूस वासाची. लंगोट आधी आठ-नऊ व्हायचे, आज सकाळपासून तीन, तेही गडद पिवळे. शी परवा झाली, थोडीशी, घट्ट. जन्माचं वजन 2.9 किलो. 22 व्या दिवशी सरकारी दवाखान्यात 3.6 भरलं होतं. आज संध्याकाळी त्याच काट्यावर 3.4.

बालशल्य_निवृत्त (11:30)
हे वजन बघा. या वयाचं बाळ दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. 22 व्या दिवसापासून आजपर्यंत 14 दिवस झाले, म्हणजे आज ते 4 किलोच्या आसपास हवं होतं. आहे 3.4. दोनशे ग्रॅम कमी झालं असं तुम्हाला दिसतंय, खरं तर ते सहाशे ग्रॅमनी मागे पडलंय. रिफ्लक्सचं बाळ पण ओकतं, पण वाढत राहतं. रात्रपाळी_आई यांच्या मुलीचं वजन वाढत होतं का, ते त्यांनीच सांगावं.

भुसावळच्या बाबांनी फार मोलाचं लिहिलंय, पण तो आजार वेगळा. आतड्यात आतडं शिरणं हे बहुतेक पाच ते दहा महिन्यांच्या बाळाला होतं. आधी सर्दी-पडसं किंवा जुलाब होऊन गेलेले असतात, बाळ एरवी गुटगुटीत असतं. पोटदुखीची कळ ठरावीक अंतराने येते आणि जाते. इथे पाच आठवड्यांचं बाळ आहे, पहिला मुलगा आहे, कळ नाही, उलटीत पित्त नाही, उलटीनंतर भूक आहे, वजन उतरतंय. ही मांडणी जठराच्या तोंडाशी असलेल्या स्नायूकडे बोट दाखवते. जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेभोवतीचा तो स्नायू जाड होत जातो आणि वाट बारीक होते. त्याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. जन्मतः स्नायू तसा नसतो, तिसऱ्या आठवड्यानंतर वाढतो, म्हणून तुमचे पहिले तीन आठवडे छान गेले.

आता एक करा. बाळाचं पोट उघडं ठेवा. खोलीतला मोठा दिवा बंद, एका बाजूने टॉर्चचा तिरका उजेड. दूध पाजा आणि पोटाकडे बघत रहा. बाळाच्या डाव्या बरगडीखालून उजवीकडे काही सरकताना दिसतं का, ते सांगा. पोट दाबू नका, चोळू नका. आणि आजी, वेखंड नको. ज्या पोटातून दूधच पुढे जात नाही त्यात आणखी काही घालायचं नाही.

माहेरवाशीण_पारोळा (मंगळवार, 12:20)
दिसलं.

आईने टॉर्च धरला. पाच मिनिटं काहीच नाही. मग डाव्या बाजूला बरगडीखाली कातडीच्या आत एक लिंबाएवढा उंचवटा आला आणि हळूहळू बेंबीच्या वरून उजवीकडे सरकला, आणि विरला. लगेच दुसरा. जणू आतून कुणी मूठ फिरवतंय. असे चार-पाच झाले आणि मग बाळाने जी उलटी केली ती आईच्या हातातल्या टॉर्चवर. आई रडायलाच लागली. म्हणाली, रोज तेल लावताना हे पोट बघते, कधी दिसलं कसं नाही.

बालशल्य_निवृत्त (12:26)
तेल लावताना पोट रिकामं असतं, म्हणून दिसलं नाही. आईंना सांगा, त्यांची चूक नाही. ती लाट म्हणजे जठर बंद दारावर जोर लावतंय.

लंगोट तीनच आहेत म्हणून सकाळची वाट बघू नका. रात्रीच धुळ्याला जा, जिथे लहान मुलांचा सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही आहेत तिथे. बाळाची टाळू खोल गेलीय का बघा, आणि शेवटची शू कधी झाली ते लिहून ठेवा. निघताना वजनाचे दोन्ही कागद घ्या.

भुसावळचा_बाबा (12:31)
ताई, निघा. पारोळ्याहून धुळे रस्ता चांगला आहे. डॉक्टरसाहेब, माझं चुकलं असेल, पण घाई करा म्हणालो ते बरोबर होतं.

बालशल्य_निवृत्त (12:34)
घाईबद्दल तुम्ही पूर्ण बरोबर होता.

शिरपूरनी_माय (6:10)
रातभर झोप नही लागनी. माय, काय व्हयनं ते सांग. वेखंडाचं म्हणाले म्हणून राग धरू नको.

रात्रपाळी_आई (8:05)
डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मुलीचं वजन वाढत होतं, तिसऱ्या महिन्यात पाच किलोच्या वर. मी काल लिहिताना हा फरक विचारातच घेतला नाही. पण एक प्रश्न राहतोच. लहान बाळं ओकतातच. प्रत्येकाची सोनोग्राफी करायची का? माझ्या वहिनीच्या बाळाला उगाच तीन तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, खर्च मात्र झाला.

तळोदा_सिस्टर (8:40)
मी सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ओकणारी बाळं रोज येतात, त्यातली बहुतेक ठीकच असतात. मी बघते ते तीनच. वजन, लंगोट आणि रंग. वजनाचा कागद नसेल तर घरून पाजून आणायला सांगत नाही, तिथेच बसवून पाजायला लावते आणि समोर ओकतं का बघते. ओघळलं की उडालं, हे आई सांगते त्यापेक्षा डोळ्यांनी दिसतं.

आतड्यात आतडं शिरण्याबद्दल एक सांगायचंय, कारण भुसावळच्या दादांनी लाल शी लिहिली आणि लोक आता तिचीच वाट बघतील. आमच्याकडे सात महिन्यांचं बाळ आलं होतं. रडत नव्हतं, ओकून थकलेलं, नुसतं झोपाळलेलं. डोळे उघडायचं आणि परत मिटायचं. घरच्यांना वाटलं फिट आली असेल. आम्हीही आधी साखर तपासली, ती ठीक. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला तर उजव्या बाजूला वर लांबट गोळा लागला, आणि खाली उजवीकडे पोट मोकळं मोकळं. लाल शी चार तासांनी, नंदुरबारच्या वाटेवर अँब्युलन्समध्ये झाली. तिची वाट बघत बसलो असतो तर?

भुसावळचा_बाबा (9:02)
सिस्टर, अगदी. आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं की लाल जेली म्हणजे आतड्याचं रक्त अडून अस्तर सुजल्यावर येते, म्हणजे उशिरा. ज्यांना आव वाटली त्यांना मी दोष देत नाही, दिसायला सारखंच. पण आवेत बाळ सारखं सारखं थोडी थोडी शी करतं आणि बहुतेक वेळा तापही असतो. आमच्या मुलीला ताप नव्हता आणि त्या एका शीनंतर पुढे काहीच नाही. हे तेव्हा माहीत असतं तर...

आमचं ऑपरेशन झालं नाही, तेही सांगतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिच्या पोटात एकात एक वर्तुळं दिसत होती, धनुर्विद्येच्या लक्ष्यासारखी. मग शीच्या जागेतून नळी घालून कोमट सलाइन सोडलं, बाटली मीटरभर उंच टांगलेली. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. वर्तुळं मागे मागे सरकत गेली आणि शेवटी लहान आतड्यात पाणी शिरलं, तेव्हा ते म्हणाले, सुटलं. मी तिथेच खाली बसलो. ऑपरेशन थिएटर मात्र बाजूला तयार ठेवलं होतं.

जळगाव_नवाबाबा (9:30)
आमचं बाळ चार महिन्यांचं आहे, दर दोन तासांनी उलटी नाही पण तोंडातून लाळ येते आणि मुठी चोखतो. हे त्यातलंच का? घाबरून लिहितोय.

तळोदा_सिस्टर (9:36)
दादा, लाळ आणि मुठी चोखणं हे चार महिन्यांचं नेहमीचं वागणं. दूध राहतंय, शू होतेय, वजन वाढतंय ना? मग निवांत रहा. दीड महिन्यापासून पुढचं लसीकरण वेळेवर झालंय का तेवढं बघा.

माहेरवाशीण_पारोळा (मंगळवार, दुपारी 3:15)
आम्ही धुळ्यात आहोत. पहाटे दोनला पोचलो. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सोनोग्राफीत स्नायूची जाडी 5 मिलिमीटर आणि लांबी 19 मिलिमीटर आली. डॉक्टर म्हणाले, 3 च्या वर जाडी आणि 15 च्या वर लांबी गेली की निदान पक्कं. पाजून बघितलं तर दूध पुढे जातच नव्हतं.

पण ऑपरेशन केलं नाही! सलाइन लावून ठेवलंय. म्हणतात आज नाही, उद्याही नक्की नाही. सासरे पुण्याहून आले, ते रागावलेत. इतकी घाई करायला लावली आणि आता बसवून का ठेवलंय? दुसरीकडे न्यावं का? रक्ताचे आकडे लिहिते: क्लोराइड 86, पोटॅशियम 3.1, बायकार्बोनेट 36.

बालशल्य_निवृत्त (4:02)
कुठेही नेऊ नका. तुमचे डॉक्टर योग्य तेच करताहेत. सासऱ्यांना हे वाचून दाखवा.

जठरातलं पाणी म्हणजे मिठाचं आम्ल. दोन आठवडे बाळाने तेच बाहेर टाकलंय. आम्ल गेलं म्हणून रक्त उलट्या बाजूला झुकलं, अल्कलीकडे. 36 बायकार्बोनेट म्हणजे तेच. रक्त असं झालं की शरीर श्वास मंद करून तोल सांभाळतं. अशा बाळाला भूल दिली तर ऑपरेशननंतर ते श्वास घ्यायचं विसरू शकतं. ऑपरेशन वीस-पंचवीस मिनिटांचं आहे, धोका त्यात नाही, धोका या आकड्यांत आहे. म्हणून आधी रक्त दुरुस्त, मग सुरी. हा आजार औषधपाण्याच्या बाबतीत तातडीचा आहे, सुरीच्या बाबतीत नाही.

तुमच्या बाळाचा हिशोब असा असेल. सुकलेलं बाळ, म्हणून आधी मिठाचं सलाइन किलोमागे 20 मिली, म्हणजे 3.4 किलोला साधारण 68 मिली. मग दिवसभरासाठी किलोमागे दीडशेच्या आसपास, म्हणजे 510 मिली, तासाला 21. त्यात साखर आणि मीठ दोन्ही. पोटॅशियम शू सुरू झाल्यावरच घालतात, आधी नाही, कारण मूत्रपिंड काम करत नसताना ते हृदयाला धोक्याचं. काही तासांनी रक्त परत. क्लोराइड 100 च्या वर आणि बायकार्बोनेट 28 च्या खाली आलं की बहुतेक भूलतज्ज्ञ हो म्हणतात. 36 वरून 28 ला यायला एक ते दोन दिवस जातात. हे लवकर उरकायचा हट्ट धरू नका.

नाकातली नळी दिसली तर घाबरू नका, जठर रिकामं राहावं म्हणून असते. तोंडाने दूध बंद, त्यामुळे बाळ भुकेने रडेल. बोट चोखू द्या.

रात्रपाळी_आई (4:20)
मला वाटायचं ऑपरेशन लांबवतात ते बिल वाढवायला. आज वेगळं कळलं.

शिरपूरनी_माय (4:45)
आमच्या वेळेला अशी बाळं सुकून सुकून जायची. जुन्या बाया म्हणायच्या, पोर दूध फेकी देस, हाडं दिसतंस, आणि मग एक दिवस. त्याला नाव नव्हतं. डॉक्टर, तेव्हाही ऑपरेशन होतं का?

बालशल्य_निवृत्त (5:10)
होतं, आजी. जर्मनीत रामस्टेट नावाच्या सर्जनने 1911 साली ही पद्धत काढली आणि आजही मुळात तीच आहे. जाड झालेल्या स्नायूला लांबीने चीर द्यायची आणि आतलं अस्तर मात्र अखंड ठेवायचं. स्नायू फाकतो, अस्तर फुगून वर येतं, वाट उघडते. शिवायचंही नाही. पण खेड्यापाड्यात ते कोण करणार, आणि सलाइनशिवाय केलं तर बाळ जगायचं नाही. आमचे सर बोटांनी पोट चाचपून तो स्नायू शोधायचे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला ऑलिव्हच्या फळाची उपमा आहे. सर म्हणायचे, आपल्या मुलांनी ऑलिव्ह कुठे बघितलंय, सुपारी शोधा. रिकाम्या जठराच्या, शांत बाळाच्या पोटात, यकृताच्या कडेखाली, सुपारीएवढी घट्ट गाठ. मला ती सापडायला शिकायला दोन वर्षं लागली. आता सोनोग्राफी आधी होते, त्यामुळे नव्या डॉक्टरांचा हात त्या सुपारीवर क्वचितच पडतो.

रात्रपाळी_आई (5:28)
तरी माझा सकाळचा प्रश्न अजून तसाच आहे. सिस्टर म्हणतात तीन गोष्टी बघा. पण वजन कमी होईपर्यंत थांबायचं का? मग ते उशिराच नाही का? आणि लगेच सोनोग्राफी केली तर उगाचची. मधली वाट कुठली?

बालशल्य_निवृत्त (5:50)
हा खरा अवघड प्रश्न आहे आणि डॉक्टरांतही यावर दोन मतं आहेत. तीन ते आठ आठवड्यांचं बाळ, पित्त नसलेली आणि दिवसागणिक जोर वाढत जाणारी उलटी, आणि उलटीनंतर भूक. एवढं जमलं तर मी वजन उतरायची वाट बघत नाही, सोनोग्राफी सांगतो. पण फार लवकर केली तर स्नायू 2.8 वगैरे येतो, धड ना इकडचा ना तिकडचा. अशा वेळी एक-दोन दिवसांनी परत करावी लागते. माझे काही सहकारी आधी दोन दिवस वजन बघा म्हणतात. त्यांना चूक म्हणणार नाही, फक्त घरी वजनकाटा हवा आणि आई-वडील परत येतील याची खात्री हवी. पाड्यावरून चालत आलेल्या आईला मी दोन दिवसांनी या म्हणणार नाही.

तळोदा_सिस्टर (6:05)
हेच लिहायचं होतं. दोन दिवसांनी या म्हटलं की आमच्याकडची निम्मी माणसं येत नाहीत, गाडीभाडं नसतं.

माहेरवाशीण_पारोळा (गुरुवार, सकाळी 7:30)
काल रात्री क्लोराइड 101 आणि बायकार्बोनेट 27 आलं. थोड्या वेळात ऑपरेशन आहे. सासऱ्यांनी तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, आता तेच सगळ्यांना आकडे समजावून सांगताहेत.

माहेरवाशीण_पारोळा (गुरुवार, रात्री 8:50)
झालं. बेंबीच्या वर उजवीकडे छोटी चीर आहे, पट्टीखाली. सहा तासांनी आधी साखरपाणी 15 मिली दिलं, राहिलं. मग दूध 15 मिली. दुसऱ्यांदा दूध दिल्यावर त्याने ओकलं आणि माझं काळीज खाली गेलं. सिस्टर म्हणाल्या, एक-दोन दिवस असं होऊ शकतं, आतली सूज उतरायची आहे. खरं का?

बालशल्य_निवृत्त (9:15)
खरं. पहिले एक-दोन दिवस थोड्या उलट्या अपेक्षित असतात, आणि त्या आधीसारख्या जोराच्या नसतात. पाच-सहा दिवसांनीही तशीच उडणारी उलटी राहिली तर चीर अपुरी पडली का हा विचार करावा लागतो, पण ते क्वचित होतं. ताप, पोट फुगणं आणि हिरवी उलटी या तीन गोष्टी मात्र लगेच कळवायच्या. अस्तराला चुकून भोक पडलं असेल तर तसं दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या वेळीच तपासलं असेल.

भुसावळचा_बाबा (9:22)
ताई, अभिनंदन! घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा, टॉर्चने निदान झालं.

रात्रपाळी_आई (शनिवार, 11:10)
एक शंका, वाचून वाचून आली. बाळाचा दीड महिन्याचा डोस जवळ आला असणार. त्यात रोटाव्हायरसचे थेंब असतात. त्यांनी आतड्यात आतडं शिरतं म्हणतात, मग पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाळाला द्यायचे का? आमच्या ओळखीतल्या एकीने या भीतीने आपल्या बाळाला दिलेच नाहीत.

बालशल्य_निवृत्त (11:45)
ती भीती कुठून आली ते सांगतो. अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस 1999 साली बाजारातून काढली गेली, कारण तिच्यानंतर हा आजार वाढलेला दिसला. आजच्या लसी वेगळ्या आहेत. काही देशांत पहिल्या डोसनंतरच्या दिवसांत थोडीशी वाढ दिसली, ती फार लहान. जुलाबाने सुकून मरणारी बाळं त्यापेक्षा कितीतरी जास्त. आपल्याकडे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात, म्हणजे ज्या वयात हा आजार जोरात असतो त्याच्या आधीच.

ज्याच्या आतड्यात आतडं आधी शिरलंय त्याला हे थेंब देत नाहीत, तो नियम पक्का. पण पारोळ्याच्या बाळाचा आजार वेगळा, त्याला तो नियम लागू नाही. तरी टाके आणि दूध पचणं बघून तारीख तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावी. आणि ताई, थेंब दिल्यावरच्या आठवड्यात कधी भुसावळच्या बाबांनी लिहिल्यासारखी येणारी-जाणारी कळ दिसली, तर थेंब की आणखी काही याचा विचार करत बसू नका, दाखवा.

भुसावळचा_बाबा (12:02)
आमच्या मुलीचे तिन्ही डोस झालेले होते, सहाव्या महिन्याच्या आधी. आठव्या महिन्यात जे झालं त्याचा त्याच्याशी संबंध नाही असं आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशीच परत तसंच झालं म्हणून परत सलाइन सोडावं लागलं, तेव्हा मात्र घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले, दहातल्या एखाद्या बाळात परत होतं, आणि झालं तर बहुतेक लगेचच.

माहेरवाशीण_पारोळा (दोन आठवड्यांनी)
घरी येऊन बारा दिवस झाले. आज सरकारी दवाखान्याच्या त्याच काट्यावर वजन केलं, 4.1 किलो. लंगोट सात-आठ. अजून अधूनमधून ओघळतं, पण हनुवटीपर्यंतच. आई आता तेल लावताना रोज पोटाकडे बघते.

माझ्या नणंदेलाही पहिलं बाळ होणार आहे. तिचा भाऊ म्हणजे माझे मिस्टर. कळलं असं की माझ्या सासूबाईंनी मिस्टरांनाही लहानपणी मुंबईला नेलं होतं, पोटावर जुना व्रण आहे, त्यांनाच माहीत नव्हतं कशाचा. हा तोच असेल का? आणि नणंदेच्या बाळाचं काय?

बालशल्य_निवृत्त (रात्री 10:20)
व्रण बेंबीच्या वर उजवीकडे असेल तर शक्यता बरीच आहे. सासूबाईंना विचारा, तेव्हा किती आठवड्यांचे होते. हा आजार घराण्यात चालतो. वडिलांना होता तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, आईला होता तर आणखी जास्त. मुलांत मुलींपेक्षा चारपट दिसतो, पहिल्या बाळात जास्त. असं का, हे अजून कुणी पूर्ण सांगू शकलेलं नाही.

नणंदेचं बाळ रक्ताच्या नात्यातलं आहे, पण थोडं लांबचं. आधीपासून काही तपासायचं नाही, काही टाळायचंही नाही. त्यांच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगून ठेवा. बाळ मुलगा असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा.

माहेरवाशीण_पारोळा (10:41)
सासूबाईंना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, सहा आठवड्यांचा होता, आणि दूध भिंतीपर्यंत उडवायचा.